पुरामुळे उशीर: करारातलं कलम की कायद्याचं कलम 56?

ऑगस्ट 2019 मध्ये पुरामुळे कोल्हापूरजवळच्या शिरोलीपाशी महामार्ग बंद पडला होता. समजा, तिथल्या फाउंड्रीचं कास्टिंग तयार आहे, पण ट्रक अडकलाय.

करारात ‘फोर्स मेजर’चं, म्हणजे कुणाच्याच हातात नसलेल्या आपत्तीचं कलम असेल आणि त्यात पूर लिहिलेला असेल, तर मुदत वाढून मिळते, पण साधारणपणे रस्ता बंद होता तेवढीच. बहुतेक करारांत ठरल्या दिवसांत लेखी नोटीस लागते, नुसता फोन चालत नाही. माल पुराआधीच रखडला असेल, तर तेवढा उशीर तुमच्याच माथी. तरी पुरवठादाराला हाच मार्ग बरा.

कलमच नसेल, तर भारतीय करार कायद्याचं कलम 56 उरतं. ते मुदत वाढवत नाही. काम अशक्य झालं तर करारच रद्दबातल ठरवतं. आठवडाभराचा खोळंबा त्यात सहसा बसत नाही, आणि ट्रकचं भाडं वाढलं ही सबब तर नाहीच नाही.