घरची पुस्तकं: लेखकानुसार लावावीत की विषयानुसार, आणि कोणती देऊन टाकावीत

घरात पुस्तकं दोनेकशे असेपर्यंत ती कशीही लावली तरी सापडतात. पाचशेच्या पुढे गेली की एका रांगेमागे दुसरी रांग उभी राहते, वर आडवी थप्पी चढते आणि मागच्या रांगेत काय आहे हे कुणालाच आठवत नाही. मग घरात असलेलंच पुस्तक पुन्हा विकत घेतलं जातं. अशा वेळी दोन निर्णय घ्यावे लागतात: मांडणी कशी करायची आणि काय बाहेर काढायचं. हे निर्णय एकमेकांत गुंतलेले आहेत, कारण जी मांडणी निवडाल तिच्यावर कोणती पुस्तकं जास्तीची आहेत हे दिसणार की नाही ते ठरतं.

आधी जागेचा हिशेब करू. समजा, 640 पुस्तकं आहेत आणि दोन कपाटांत मिळून 90 सेंटिमीटर रुंदीच्या 14 फळ्या आहेत. मराठी पुस्तकाची जाडी सरासरी 2 सेंटिमीटर धरली तर एका फळीवर 45 पुस्तकं ठासून बसतील. पण ठासून बसवलेलं पुस्तक काढताना बोट कण्याच्या वरच्या टोकात अडकवून ओढावं लागतं, आणि बांधणी तिथूनच फाटायला लागते. शिवाय नव्या पुस्तकासाठी प्रत्येक वेळी सगळी रांग सरकवावी लागते. म्हणून फळीवर साधारण 15 सेंटिमीटर मोकळे ठेवायचे. उरलेल्या 75 सेंटिमीटरमध्ये 37 पुस्तकं मावतात, म्हणजे 14 फळ्यांवर 518. याचा अर्थ 122 पुस्तकांना जागा नाही. आकडा असा समोर आला की ‘थोडी कमी करू’ हा मोघम विचार संपतो.

आता मांडणी. घरात तीन पद्धती दिसतात: आकारानुसार, लेखकानुसार आणि विषयानुसार.

आकारानुसार लावलेलं कपाट दिसायला देखणं असतं आणि फळ्यांमधली उंचीही वाया जात नाही. पण पुस्तक शोधताना ते डेमी आकाराचं होतं की क्राऊन हे कुणाच्या लक्षात नसतं. त्यामुळे चित्रसंग्रह, नकाशे, कोशाचे खंड अशा खरोखरच मोठ्या पुस्तकांसाठी तळाची एक फळी ठेवावी आणि आकाराचा विचार तिथेच संपवावा. जड पुस्तकं तळाला असली की कपाटही डुगडुगत नाही.

लेखकानुसार मांडणी कथा, कादंबरी, कविता, नाटक यांना उत्तम, कारण ही पुस्तकं आपण लेखकाच्या नावानेच आठवतो. आडनाव आधी, मग नाव. मराठीत मात्र हे वाटतं तितकं सरळ नाही. देशपांडे, कुलकर्णी, जोशी या आडनावांचीच अर्धी-अर्धी फळी होते, म्हणून त्यांच्या आत आद्याक्षरांचा क्रम पाळावाच लागतो. दुसरी अडचण टोपणनावांची. कुसुमाग्रजांची कविता त्या नावाने आहे, पण नाटकं वि. वा. शिरवाडकर या नावाने आहेत. केशवकुमार म्हणजे प्र. के. अत्रे. पुस्तकावर छापलेल्या नावाने लावलं तर एकच लेखक दोन फळ्यांवर विभागतो. मूळ नावाने लावलं तर ‘कुसुमाग्रज’ शोधणाऱ्या पाहुण्याला पुस्तक मिळत नाही. घरासाठी सोयीचा मार्ग असा: ज्या नावाने घरातली माणसं लेखकाला ओळखतात, त्या एकाच नावाखाली त्याची सगळी पुस्तकं ठेवावीत.

विषयानुसार मांडणी इतिहास, आरोग्य, शेती, कायदा, पाककृती, प्रवास या पुस्तकांना हवीच. इथे लेखक आठवत नाही, ‘ते किल्ल्यांवरचं पुस्तक’ आठवतं. ग्रंथालयातली दशांश पद्धत जशीच्या तशी घरी आणावी का, असा प्रश्न अनेकांना पडतो. मेल्विल ड्युई यांच्या या पद्धतीत मराठी साहित्याला 891.46 हा क्रमांक आहे. त्यात कविता 891.461, नाटक 891.462, कथा-कादंबरी 891.463. मराठी घरातलं निम्मं कपाट साहित्याचं असतं आणि ते सगळं या एकाच क्रमांकाच्या पोटात जातं. लेबलं चिकटवण्याचे कष्ट होतात, शोधणं काही सोपं होत नाही. त्यापेक्षा स्वतःचे आठ-दहा गट पाडावेत. गटात दहाही पुस्तकं नसतील तर तो शेजारच्या गटात मिसळावा.

आमचा कौल मिश्र पद्धतीला आहे: साहित्य लेखकानुसार, बाकी सगळं विषयानुसार. याचं मोठं कारण शोधण्याची सोय नाही, निवडीची सोय आहे. मधुमेहावरची चार पुस्तकं शेजारी-शेजारी आली की त्यातली दोन जुनी आहेत हे ताबडतोब दिसतं. एकाच कादंबरीच्या दोन आवृत्त्या लेखकाच्या रांगेत आपोआप एकमेकींना चिकटतात. लग्नानंतर दोघांचे संग्रह एकत्र आलेल्या घरांत अशा जोड्या हमखास निघतात. आकारानुसार लावलेल्या कपाटात यातलं काहीच दिसत नाही.

यादी करायची तर साधं गुगल शीट पुरतं: लेखक, शीर्षक, प्रकाशन वर्ष, गट, फळी, कुणाला दिलं. पट्टीसंकेत टिपणारी अ‍ॅप वेळ वाचवतील असं वाटतं, पण बऱ्याच जुन्या मराठी पुस्तकांवर आयएसबीएन क्रमांकच नसतो आणि ती हाताने भरावीच लागतात. नाव लिहिण्याची एकच पद्धत ठेवा. ‘पु.ल.’ आणि ‘पु. ल.’ संगणकाला दोन वेगळी नावं वाटतात. शिवाय संगणकाच्या क्रमात ळ हा ल नंतर लगेच येतो, मराठी वर्णमालेत तो ह नंतर आहे. त्यामुळे यादीतल्या ‘काळे’ आणि कपाटातल्या ‘काळे’ यांची जागा जुळत नाही. कपाटही संगणकाच्या क्रमाने लावणं सगळ्यात सोपं.

आता काय द्यायचं. दोन कसोट्या प्रचलित आहेत. पहिली: वर्षा-दोन वर्षांत हात लावला नसेल तर द्या. ही कपड्यांना ठीक आहे, पुस्तकांना नाही. शब्दकोश, संदर्भग्रंथ, आजीने जपलेली पोथी ही रोज उघडायची पुस्तकं नव्हेत. दुसरी कसोटी आम्हाला फार अधिक योग्य वाटते: हे पुस्तक उद्या हवं झालं तर परत मिळेल का? दुकानात आवृत्ती उपलब्ध असलेली गाजलेली कादंबरी एकदा वाचून झाली असेल तर देता येते, कारण ती कधीही परत आणता येईल. छोट्या गावच्या प्रकाशकाने काढलेला स्थानिक इतिहास, गावच्या शाळेची स्मरणिका, ज्याची दुसरी आवृत्ती निघालीच नाही असा कवितासंग्रह मात्र न वाचलेला असला तरी ठेवावा. जुनं दिसतं म्हणून बाद करण्याची घाईही नको. अनुस्वारांनी भरलेली छपाई बहुधा 1962च्या शुद्धलेखन नियमांआधीची असते, आणि अशी प्रत पहिल्या आवृत्तीची असण्याची शक्यता बरीच. वर्ष पाहिल्याशिवाय ती बाहेर काढू नका.

उलट, काही पुस्तकांची मुदत खरोखर संपलेली असते. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. वस्तू व सेवा कर 2017 मध्ये आला. त्याआधीची कायद्याची आणि अप्रत्यक्ष करांची मार्गदर्शकं, जुन्या अभ्यासक्रमाची स्पर्धा परीक्षेची पुस्तकं, 2014 आधीचे तेलंगणा नसलेले शालेय नकाशासंग्रह ही दान देऊ नयेत, कारण घेणारा विद्यार्थी त्यावर विसंबून चुकतो. ती रद्दीत घालावीत. मराठी विश्वकोशाचे खंड जागा अडवत असतील तर त्यातला मजकूर संकेतस्थळावर मोफत वाचता येतो, हेही हिशेबात धरा.

दिवाळी अंकांची गोष्ट वेगळी. त्यातला बराच मजकूर पुढे पुस्तकात येतच नाही. सरसकट देण्याआधी अनुक्रमणिका चाळा आणि ज्या अंकांतलं काही हवंच आहे तेवढे ठेवा.

आपल्या उदाहरणातल्या 122 पुस्तकांचा हिशेब असा लागू शकतो: 34 मुदत संपलेली, 17 दुहेरी प्रती, 46 सहज परत मिळणारी आणि 25 मुलं मोठी झाल्यामुळे मागे राहिलेली बालपुस्तकं. पहिली 34 रद्दीत. देण्याजोगी उरली 88.

ती कुठे द्यायची, हे जागेगणिक बदलतं:

| ठिकाण | काय आवडीने घेतात | काय नको असतं |
|---|---|---|
| सार्वजनिक ग्रंथालय | त्यांच्याकडे नसलेली, धड बांधणीची पुस्तकं | गाजलेल्या पुस्तकांच्या जादा प्रती, जुनी क्रमिक पुस्तकं |
| शाळा, वस्तीतलं वाचनालय | बालपुस्तकं, चित्रांची, सोप्या भाषेतली | प्रौढांच्या कादंबऱ्या, जाड संदर्भग्रंथ |
| जुन्या पुस्तकांचा विक्रेता | मागणी असलेलं काहीही | पाठ्यपुस्तकांच्या जुन्या आवृत्त्या |
| अभ्यासक, विद्यापीठ विभाग | दुर्मीळ, एकाच विषयावरचा संच | मिश्र संग्रह |

सार्वजनिक ग्रंथालय नाही म्हणालं तर वाईट वाटून घेऊ नये. तिथे आलेलं प्रत्येक पुस्तक दाखल नोंदवहीत चढवावं लागतं आणि नंतर बाद करायचं तर रीतसर कार्यवाही करावी लागते. नको असलेली चाळीस पुस्तकं म्हणजे त्यांच्यासाठी वर्षानुवर्षांचं ओझं. म्हणून पोतं घेऊन दारात जाण्याऐवजी आधी यादी पाठवा, त्यांना हवी तेवढी निवडू द्या, आणि उरलेल्यांसाठी पुढचं ठिकाण पाहा. बालपुस्तकं थेट शाळेलाच द्यावीत. तिथे ती लगेच हातात पडतात.

देण्याआधी प्रत्येक पुस्तक उघडून पाहायचं. आत पत्रं, फोटो, पावत्या निघतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कीड. पानांतून आरपार गेलेली बारीक गोल भोकं आणि खाली पडणारी पिठासारखी पूड ही पुस्तककिड्याची खूण. कसर लागली असेल तर पानाचा पृष्ठभाग आणि कण्याजवळची खळ वेडीवाकडी खरवडल्यासारखी दिसते. कण्यावर मातीच्या रेघा म्हणजे वाळवी, आणि तिचं मूळ बहुतेक वेळा कपाटामागच्या भिंतीत असतं. असं एक पुस्तक पेटीत गेलं तर घेणाऱ्याचं सगळं कपाट धोक्यात येतं. मोजकीच पुस्तकं असतील तर ती प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावीत आणि बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडू नये, नाहीतर थंड कागदावर दव धरतं. किडे आणि अंडी यामुळे मरतात. बुरशी मात्र मरत नाही, ती नुसती थांबते. बुरशी आलेलं पुस्तक दान देऊच नये.

हे सगळं काम पावसाळा सरल्यावर, दसऱ्याच्या सुमारास काढावं. मुंबई, कोकण, गोव्यात पावसाळाभर दमट हवेत कागद ओलावा धरून असतो, आणि अशी पुस्तकं पेटीत बंद केली की आठवड्याभरात वास येतो. वारा खेळेल अशा सावलीत दोन दिवस ती उभी, थोडी उघडून ठेवायची. कडक उन्हात ठेवलं तर कागद पिवळा पडतो आणि मुखपृष्ठाचा रंग उडतो.

भरताना एका खोक्यात 30च्या आसपास पुस्तकं घ्या. प्रत्येक सुमारे 400 ग्रॅम धरलं तर खोकं 12 किलोचं होतं आणि एका माणसाला उचलता येतं. 88 पुस्तकांची तीन खोकी होतील. प्रत्येकावर ठिकाणाचं नाव आणि आतल्या पुस्तकांची यादी चिकटवा, आणि शीटमधल्या ‘कुणाला दिलं’ या रकान्यात त्याच दिवशी नोंद करा. खोकी घरात महिनाभर पडून राहिली की त्यातली पुस्तकं एकेक करून पुन्हा कपाटात शिरतात, म्हणून पोहोचवण्याची तारीख ठरवूनच भरायला घ्यायचं.