इनस्क्रिप्टवर न बघता मराठी टायपिंग: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

इंदूरच्या मराठी घरांत चाळिशी-पन्नाशीच्या मंडळींनी काही महिने रोज वापरलेल्या, इनस्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीच्या सराव-योजनेचा हा अनुभव आहे. निकाल आधीच सांगतो. रोज पंचवीस मिनिटे, आठवड्यातून सहा दिवस दिले तर सुमारे सहा महिन्यांत मिनिटाला 20 शब्द न बघता टाइप होतात. त्याहून लवकर होईल असे आश्वासन कोणी दिले तर विश्वास ठेवू नका. मात्र बोटांची जागा पहिल्या दोन आठवड्यांत पक्की झाली नाही, तर वर्षभरातही हा आकडा गाठता येत नाही.

आधी लेआउटचा प्रश्न. इथल्या मराठी माणसाला घरी मराठी लिहायची असते आणि कार्यालयात हिंदी. इनस्क्रिप्टमध्ये दोन्हींसाठी बोटे तीच राहतात. सीपीसीटी या मध्य प्रदेशातल्या संगणक-टायपिंग परीक्षेत हिंदी टायपिंगसाठी जुन्या टाइपरायटरच्या धर्तीची रेमिंग्टन गेल मांडणी आणि इनस्क्रिप्ट हे दोन्ही पर्याय असतात. ज्यांचा हात टाइपरायटरवर किंवा कृतिदेव फॉन्टवर आधीच बसला आहे त्यांनी रेमिंग्टनच चालू ठेवावे. नव्याने सुरू करणाऱ्यांनी मात्र इनस्क्रिप्टच घ्यावे, कारण त्यात उच्चाराच्या क्रमाने टाइप करायचे असते. ‘दिवस’ लिहिताना आधी द, मग ऱ्हस्व वेलांटी. रेमिंग्टनमध्ये ही वेलांटी आधी येते, म्हणून तिकडून आलेल्यांचा हात पहिले काही आठवडे इथेच अडखळतो.

विंडोजमध्ये भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडली की `Marathi` नावाचा कीबोर्ड मिळतो. तोच इनस्क्रिप्ट. यादीत `Marathi Phonetic` दिसला तर तो घेऊ नका, त्याची मांडणी अगदी वेगळी आहे. इंग्रजी आणि मराठी यांच्यात `Win + Space` दाबून ये-जा करता येते.

मधली ओळ अशी आहे:

```
A ो  S े  D ्  F ि  G ु  |  H प  J र  K क  L त  ; च  ' ट
```

एफ आणि जे या बटणांवर बारीक उंचवटा असतो. डावी तर्जनी ऱ्हस्व वेलांटीवर, उजवी र वर. बाकीची बोटे शेजारी ओळीने ठेवायची: डावे मधले बोट हलन्तावर, अनामिका एका मात्रेवर, करंगळी ओकारावर, उजवे मधले बोट क वर, अनामिका त वर, करंगळी च वर. स्पेसबार अंगठ्याने. मनगट टेबलावर टेकवू नका. ते टेकले की तर्जनीला वरच्या ओळीवर जाण्यासाठी अख्खा हात ओढावा लागतो आणि परतताना एक घर चुकते. हे चुकलेले घर पडद्यावर लगेच ओळखू येते. ‘करत’ लिहिल्यावर ‘तकच’ उमटले, तर उजवा हात एक बटण उजवीकडे सरकला आहे. खाली न बघता उंचवटा चाचपा आणि पुन्हा सुरू करा.

बटणांवर देवनागरीचे स्टिकर चिकटवणे हा या योजनेतला सर्वांत तोट्याचा प्रयोग ठरला. स्टिकर असले की नजर खाली जातेच. मांडणीचा छापील तक्ता पडद्याच्या शेजारी उभा लावा. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर सरावाचा कागदही टेबलावर आडवा ठेवू नका, तोही पडद्याच्या उंचीला उभा हवा. नाहीतर पंधरा मिनिटांत मान आखडते, आणि दुखणे मानेचे असताना कंटाळा मात्र टायपिंगचा येतो.

पहिले दोन आठवडे फक्त मधली ओळ. तेवढ्यातही खरे शब्द होतात: कर, तर, टोक, पुरे, तेच, चिकट, पत्र, चित्र, चक्र. ‘पत्र’ म्हणजे प, त, हलन्त, र. ‘ते पोर चित्रे टिपते’ हे वाक्य बारा-पंधरा वेळा न बघता आले, तर पुढे जायला हरकत नाही. निरर्थक अक्षरमाला घोटण्यापेक्षा अशा शब्दांचा उपयोग जास्त होतो, कारण जोडाक्षराची हालचाल पहिल्याच दिवसापासून हातात बसते. त्र, क्ष, ज्ञ, श्र यांच्यासाठी आकड्यांच्या ओळीवर शिफ्टसह वेगळी बटणे आहेत, पण पहिले सहा महिने ती विसरून जा. एकाच अक्षराचे दोन मार्ग माहीत असले की हात दर वेळी निवड करत थांबतो.

तिसऱ्या आठवड्यात काना आणि दीर्घ वेलांटी, म्हणजे डाव्या हाताची वरची ओळ. काना डाव्या मधल्या बोटाने, वेलांटी तर्जनीने. मग खालची ओळ: अनुस्वार डाव्या अनामिकेने, म मधल्या बोटाने, न आणि व तर्जनीने, ल आणि स उजव्या तर्जनीने, य करंगळीने. त्यानंतर उजवीकडची वरची ओळ: ब आणि ह तर्जनीने, ग मधल्या बोटाने, द अनामिकेने, ज आणि ड करंगळीने. बाजारातले बरेच हिंदी तक्ते शिफ्टची अक्षरे अगदी शेवटी शिकवतात. मराठीत तसे करून चालत नाही, कारण ळ, ण, श आणि आ यांच्याशिवाय एक परिच्छेदही पुरा होत नाही. पाचव्या आठवड्यापासून ही चार अक्षरे आणि अ घ्या, भ-ध-ख वगैरे मागाहून.

शिफ्टचा नियम एकच: अक्षर ज्या हाताचे, शिफ्ट त्याच्या विरुद्ध हाताच्या करंगळीने. ळ आणि श उजव्या हाताची, म्हणून त्यांना डावे शिफ्ट. अ, आ, ण डाव्या हाताची, म्हणून त्यांना उजवे. शिफ्ट उशिरा सुटले तर ‘आहे’चे ‘आङे’ होते आणि ‘कळते’चे ‘कळथे’. लवकर सुटले तर ‘कलते’ होते. आपल्या सरावात ङ आणि थ भलत्या जागी दिसू लागले तर दोष बोटांच्या जागेत नसून सोडण्याच्या वेळेत आहे. यासाठी वेग निम्मा करा आणि शिफ्ट, अक्षर, शिफ्ट सोडणे, पुढचे अक्षर या चार हालचाली सुट्या करा.

आता खरी अडचण. मराठीतला सर्वांत जाचक शब्द ‘म्हणून’ आहे. त्याची बटणे सहा: म डाव्या मधल्या बोटाने, हलन्त पुन्हा त्याच बोटाने, ह उजव्या तर्जनीने, ण परत त्याच डाव्या मधल्या बोटाने आणि वर उजवे शिफ्ट, मग दीर्घ उकार आणि न हे दोन्ही डाव्या तर्जनीने. म्हणजे सहांपैकी पाच अक्षरे डाव्या हाताच्या दोनच बोटांवर पडतात. याउलट ‘करतात’मध्ये क, र, त, त उजव्या हाताची तीन बोटे वाटून घेतात आणि काना एकटा डावीकडे. ‘करतात’ दुप्पट वेगाने जातो आणि ‘म्हणून’, ‘म्हणजे’, ‘म्हटले’ इथे लय तुटते. पंधरा-सोळा शब्दांच्या वेगावर बहुतेक जण महिनाभर अडकतात, आणि बहुधा अडथळा याच बोटाचा असतो. उपाय रटाळ आहे, पण लागू पडतो: रोज पाच मिनिटे फक्त ‘म्ह’चे शब्द, इतक्या सावकाश की एकही चूक होणार नाही.

दुसरी अडचण उजव्या तर्जनीची. ब, ह, प, र, ल, स ही सहा अक्षरे तिच्याकडे आहेत. बघण्याची इच्छा सर्वांत जास्त ल आणि स यांच्यापाशी होते, कारण दोन्ही खालच्या ओळीत शेजारी आहेत. ‘सराफा’, ‘सकाळ’, ‘लसूण’, ‘सरळ’, ‘हलवा’ हे शब्द यासाठी चांगले. दर अक्षरानंतर तर्जनी र वर परतलीच पाहिजे.

अनुस्वाराचा क्रमही सांभाळा. ‘त्यांनी’मध्ये आधी काना, मग अनुस्वार. उलट झाले तर काना एका ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेला दिसतो. विंडोजमध्ये बॅकस्पेस एकेक चिन्ह मागे घेते, म्हणून ‘त्र’ खोडायला ते तीनदा दाबावे लागते. देवनागरीत चूक महाग पडते ती यामुळे. शंभर बटणांत पाचपेक्षा जास्त चुका होत असतील, तोवर वेग वाढवू नका.

वेग मोजताना पाच बटणांचा एक शब्द धरा. दहा मिनिटांत 850 बटणे दाबली तर 170 शब्द, म्हणजे मिनिटाला 17. शिफ्ट वेगळे मोजायचे नाही. 20 शब्दांचा वेग म्हणजे मिनिटाला 100 बटणे. मोबाइलवरचा मेट्रोनोम मिनिटाला 60 ठोक्यांवर लावून प्रत्येक ठोक्याला एक बटण दाबले की 12 शब्द होतात. तिथून दर आठवड्याला दोन-तीन ठोके वाढवत 100 पर्यंत न्या. गतीपेक्षा समान अंतर महत्त्वाचे: सोप्या शब्दात धावायचे आणि ‘म्हणून’पाशी थांबायचे, ही सवय मेट्रोनोमच मोडतो.

वास्तवातले टप्पे साधारण असे पडले. दुसऱ्या आठवड्याअखेर मधली ओळ, वेग 5-6. आठव्या आठवड्याअखेर शिफ्टसह सगळी अक्षरे, वेग 8 ते 10. चौथ्या महिन्यात 15, सहाव्यात 20. पुढे 25 ला वर्ष लागू शकते, आणि 30 सर्वांनाच जमेल असे नाही. पहिले दोन महिने रोजचे काम जुन्या पद्धतीने चालू द्या, कारण 6 च्या वेगाने पत्र लिहायला बसलात की नजर बटणांवर जाणारच. 10 झाल्यावर मात्र जुनी पद्धत पूर्ण बंद करा. अर्धवट ठेवणाऱ्यांचा वेग तिथेच थांबला.

सीपीसीटीची तयारी करणाऱ्यांसाठी हिंदीत 20 आणि इंग्रजीत 30 हे आकडे आहेत. इंग्रजी समांतर सुरू करू नका. इनस्क्रिप्टवर 15 आल्यानंतर घेतली तर बोटांची घरे तीच असल्यामुळे ती लवकर बसते. दोन्ही एकदम सुरू केल्या तर एफ दाबताना वेलांटी की इंग्रजी अक्षर, हा गोंधळ आठव्या आठवड्यापर्यंत पुरतो.