मोज्यांची कड आणि स्वेटरचा गळा: लवचीक पद्धतीने टाके बंद करण्याचा आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या आठ महिन्यांत मी मोज्यांच्या सहा जोड्या आणि तीन स्वेटरांचे गळे लवचीक पद्धतीने बंद केले. त्याआधी अनेक वर्षे मी नेहमीचीच पद्धत वापरत होते, म्हणजे दोन टाके विणायचे, पहिला दुसऱ्यावरून ओढून टाकायचा आणि असे करत ओळ संपवायची. बदल करावा लागला तो आईसाठी विणलेल्या एका जोडीमुळे. ते मोजे पंजापासून वर विणलेले होते, त्यामुळे टाके बंद होणार होते ते सर्वांत वरच्या पट्टीला, नेमके जिथे मोजा सर्वाधिक ताणला जातो तिथे. आईने तिसऱ्या-चौथ्या वेळी मोजा चढवताना कडेचा धागा दोन ठिकाणी तुटला आणि त्याखालचे टाके सुटून रिबमध्ये शिड्या पडल्या. लोकर उत्तम होती, विणही एकसारखी होती. चूक फक्त शेवटच्या फेरीत होती.

ती चूक किती मोठी होती, हे मी मोजपट्टी घेऊन पाहिले, आणि ते आकडे इथे देणे मला उपयोगाचे वाटते. मोजा २.५ मिमी सुयांवर, ६४ टाक्यांचा आणि दोन सुलट दोन उलट रिबच्या पट्टीचा होता. सुलट विणीत १० सेमीमध्ये ३२ टाके बसत होते, म्हणजे मोज्याचा घेर २० सेमी. आईच्या घोट्याच्या वरचा घेर २२ सेमी आहे, आणि मोजा घातल्यावर रिब तिथे छान बसते. पण मोजा तिथपर्यंत पोचण्याआधी टाचेवरून जातो, आणि टाचेच्या टोकापासून पावलाच्या वरच्या वाकणापर्यंत तिरका मोजलेला घेर ३१ सेमी भरला. याचा अर्थ कडेला काही क्षण ३१ सेमीपर्यंत उघडावे लागते. भागाकार केला तर प्रत्येक टाक्याच्या वाट्याला सुमारे ४.८ मिमी रुंदी येते. माझी नेहमीच्या पद्धतीने बंद केलेली कड पूर्ण ताणल्यावर जेमतेम २५ सेमी होत होती, म्हणजे टाक्याला ३.९ मिमी. कडेच्या लगेच खालची रिब मात्र सहज ३४ सेमीपर्यंत ताणली जात होती. उरलेले अंतर आई दर वेळी जोर लावून भरून काढत होती.

असे का होते, हे कड नीट न्याहाळली की कळते. नेहमीच्या पद्धतीत तयार होते ती एक आडवी साखळी, जिची प्रत्येक कडी पुढच्या कडीतून जाते. रिबमधले टाके उभ्या घड्या घालून बसलेले असतात आणि ताणल्यावर त्या घड्या उलगडतात. साखळीला मात्र उलगडण्यासारखे काहीच नसते. तिच्यात जेवढा धागा घातला तेवढीच तिची लांबी, आणि एका टाक्यामागे तिला एकच छोटा फास मिळतो.

यावर बहुतेक जणी जो पहिला उपाय सांगतात, म्हणजे मोठ्या सुईने सैल हाताने बंद करणे, तो मी आधी करून पाहिला. फासाचा आकार उजव्या हातातली सुई ठरवते, म्हणून फक्त उजवीकडे ३.५ मिमीची सुई घेतली. कड २९ सेमीपर्यंत ताणली गेली, पण मोजा पायात नसताना ती साखळी लोंबकळल्यासारखी दिसत होती, एखादी कडी मोठी, एखादी लहान, आणि ३१ सेमी तरीही गाठता आले नाहीत. जादा धागा साखळीतच राहतो आणि विश्रांतीच्या स्थितीत त्याला लपायला जागा नसते, हे त्या उपायाचे मूळ दुखणे आहे.

मी जी पद्धत आता वापरते, ती जेनी स्टेमन यांनी मांडलेली आहे आणि २००९ साली ‘निटी’ या ऑनलाइन विणकाम-नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तिच्यात प्रत्येक टाक्याआधी सुईवर धाग्याचा एक वेढा घ्यायचा, टाका विणायचा आणि तो वेढा लगेच त्या टाक्यावरून ओढून टाकायचा. वेढा टाक्याच्या मानेभोवती पट्ट्यासारखा बसतो. असे दोन टाके तयार झाले की नेहमीप्रमाणे पहिला दुसऱ्यावरून ओढायचा, आणि पुढे प्रत्येक नव्या टाक्याला हेच करायचे. हात बसल्यावर वेढा आणि आधीचा टाका हे दोन्ही एकदमच ओढता येतात. साखळी इथेही तयार होते, पण कड ताणली की मानेभोवतीचे ते पट्टे उघडून साखळीला धागा पुरवतात, आणि ताण सुटला की तो धागा परत टाक्याच्या मुळाशी जाऊन बसतो.

वेढ्याची दिशा हा या पद्धतीतला एकमेव अवघड भाग आहे, आणि माझी पहिली कड त्यामुळेच बिघडली. सुलट टाक्याआधी आणि उलट टाक्याआधी वेढा एकाच दिशेने घ्यायचा नसतो. मी स्वतःसाठी एक नियम बसवून घेतला आहे: धागा ज्या बाजूला आहे तिथून उजव्या सुईच्या वरून पलीकडे न्यायचा आणि सुईच्या खालून परत मूळ जागी आणायचा. सुलट टाक्याच्या वेळी धागा मागे असतो, म्हणून तो वरून पुढे येतो आणि खालून मागे जातो. उलट टाक्याच्या वेळी धागा पुढे असतो, म्हणून तो वरून मागे जातो आणि खालून पुढे येतो. सुलट टाक्याला जाळीच्या टाक्यासारखा नेहमीचा वेढा घेतला, तर ओढताना तो टाक्याला पीळ देतो आणि कडेवर एक आड एक गाठीसारखे उंचवटे दिसू लागतात. पंधरा-वीस टाके झाले की थांबून कडेवरून बोट फिरवून पाहावे. खडबडीतपणा जाणवला तर वेढा चुकला आहे असे समजावे आणि तिथेच उसवावे, कारण ही कड उसवणे वेळखाऊ काम आहे. प्रत्येक टाक्याला एक ऐवजी दोन फास सोडवावे लागतात.

त्याच ६४ टाक्यांवर या पद्धतीने बंद केलेली कड ३३ सेमीपर्यंत ताणली गेली. म्हणजे खालच्या रिबइतकी नाही, पण टाचेसाठी पुरेशी. धागा मात्र जास्त लागला. नेहमीच्या पद्धतीत मला सुमारे ७० सेमी पुरत होता, इथे १२५ सेमी लागला. लोकर संपेपर्यंत पट्टी वाढवत नेण्याची सवय असणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे. मी आता दीड मीटर धागा राखून ठेवते आणि तिथे खुणेची गाठ मारते.

सहा जोड्यांपैकी सर्वांत जुनी जोडी आठ महिने नियमित वापरात आहे आणि हाताने धुतली जाते. कडेचा धागा कुठेही तुटलेला नाही. आईने आणखी एक गोष्ट सांगितली, जी माझ्या मोजमापात आली नव्हती: संध्याकाळी मोजे काढल्यावर पायावर जो लाल वळ उमटत असे, तो आता उमटत नाही. धुतल्यानंतर ओला मोजा सपाट ठेवला तर कड किंचित फाकलेली दिसते. वाळवण्याआधी रिब बोटांनी आडवी गोळा करून ठेवली की ती पुन्हा मिटते.

गळ्याचा अनुभव इतका सरळ नाही. भाच्याच्या स्वेटरला गळ्याभोवती ८८ टाके उचलून एक सुलट एक उलट रिब विणली होती. लहान मुलाचे डोके अंगाच्या मानाने मोठे असते; त्याच्या डोक्याचा घेर ५१ सेमी होता, म्हणजे टाक्याला ५.८ मिमी. तिथे ही पद्धत अगदी योग्य ठरली आणि स्वेटर कानांना न ओढता घातला जाऊ लागला. पुढे माझ्या स्वतःच्या स्वेटरला १०८ टाक्यांच्या गळ्यावर हीच पद्धत वापरली, तेव्हा मात्र कड झालरीसारखी लहरी झाली. तो गळा मुळातच रुंद होता. ५६ सेमीच्या डोक्यासाठी टाक्याला ५.२ मिमी पुरेसे होते आणि जाड लोकरीवर नेहमीची कडही त्याच्या बरीच जवळ जात होती. प्रत्येक टाक्याला दिलेला जादा धागा तिथे वापरलाच जात नव्हता, म्हणून तो बाहेर फुगून दिसत होता. मी ती कड उसवली आणि वेढा फक्त उलट टाक्यांआधी घेतला, सुलट टाके साधेच विणले. लहरी गेल्या आणि गळा डोक्यावरून आरामात जातो. माझ्या मते प्रौढांच्या गळ्यासाठी ही अर्धी पद्धत आधी करून पाहावी.

कोणती कड कुठे चुकली, हे ओळखण्यासाठी मी दोन वेळा पाहते. एकदा कापड सैल ठेवून: कड लहरी दिसली तर तिच्यात धागा जास्त आहे. मग दोन्ही हातांनी ताणून: खालची रिब अजून उघडत असताना कड दोरीसारखी कडक होऊन आत ओढली गेली तर धागा कमी आहे. हे सगळे टाके बंद होण्याची वाट न पाहता एक तृतीयांश फेरी झाल्यावर करता येते.

सुती धाग्याबद्दल माझे मत अनुकूल नाही. एका उन्हाळी कपड्याचा गळा मी असाच बंद केला होता. तो ताणला गेला, पण परत मिटला नाही, कारण सुताला लोकरीसारखी मूळ आकारावर येण्याची ओढ नसते. तिथे मी आता नेहमीचीच कड उजवीकडे अर्धा मिमी मोठी सुई घेऊन विणते. खांद्याच्या शिवणीलाही लवचीक कड वापरू नये. स्वेटरचे सगळे वजन त्या रेषेवर येते आणि ती रेषा न ताणणारीच हवी.

गोल विणलेल्या मोज्याला फेरी जिथे संपते तिथे या पद्धतीत एक पायरी राहते, कारण पहिल्या टाक्याला उजवीकडून साखळीची कडी मिळालेली नसते. मी शेवटच्या टाक्यातून धागा पूर्ण बाहेर काढते, शिवणाच्या सुईत ओवते, पहिल्या टाक्याच्या साखळीच्या दोन्ही पायांखालून नेते आणि ज्या कडीतून तो बाहेर आला होता तिच्यातच परत घालते. ही कडी ओढताना मोजा दुसऱ्या हाताने ताणून धरते, नाहीतर बाकीची कड सैल आणि नेमका तो एक टाका घट्ट राहतो. उरलेले टोक कडेच्या बाजूने आडवे न लपवता रिबच्या एका उभ्या सुलट ओळीतून खाली नेते, कारण आडवे लपवलेले टोक तेवढ्या भागात कडेचा ताण पुन्हा अडवते.