रंगपंचमीचा लाल: हळद-चुन्याचा की बिटाचा?

कोल्हापुरात रंग खेळायचा तो रंगपंचमीला, आणि तोही बादलीभर पाण्यासकट. म्हणून आमच्या लाल रंगाचा निवाडा ओल्या अंगावरच करावा लागतो.

हळदीत चुन्याची निवळी घातली की ती लालभडक होते. कुंकवाची जुनी रीतच ती. रंग झकास येतो, खर्चही कमी. पण हळद लाल राहते ती चुन्याच्या अल्कधर्मी गुणामुळे. चुना जास्त झाला तर ओल्या कातडीवर आग होते, आणि डोळ्यात गेला तर इजाच. ओळखायचं सोपं आहे: चिमटीभर रंगावर लिंबू पिळा, पिवळा पडला तर तो हळद-चुन्याचा. पांढरा सदरा मात्र विसरा, हळद सहज निघत नाही.

बिटाचा लाल खरं तर गुलाबीच. एक किलो मक्याच्या पिठीला (कॉर्नफ्लोअर) आम्ही पाव लिटर गाळलेला रस थोडाथोडा चोळतो आणि सावलीत पातळ पसरून वाळवतो. पहिल्या वर्षी घाईने उन्हात टाकला, तर अख्खा घाणा तपकिरी झाला. ओल राहिली तर बुरशी धरते. कुबट वास आला की फेकायचा. पाण्यात तो फिका पडतो, अशी गिऱ्हाइकांची तक्रार असते. असू दे. लहान मुलांसाठी मी बिटाचाच देतो, तोही आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा, असं सांगून. बिटाचंही कुणाला वावडं असू शकतं.