बी-१२ घ्यायचंय: नुसतं की ‘नसांच्या’ मिश्र कॅप्सूलमधून?

मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू, त्यात शाकाहारी, आणि रिपोर्टमध्ये बी-१२ कमी. अशा माणसापुढे केमिस्ट दोन प्रकारच्या स्ट्रिप ठेवतो. एकीत नुसतं मिथाइलकोबालामिन, म्हणजे बी-१२. दुसरीत तेच, पण सोबत अल्फा लायपोइक अॅसिड, फॉलिक अॅसिड आणि पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-६. मी दोन्ही घेतल्या आहेत.

मिश्र कॅप्सूलची बाजू आधी मांडतो. एकाच गोळीत काम होतं, विसरायला होत नाही. तिच्यात बी-६ बहुधा ३ मिलिग्रॅमच्या आसपास असतं, आणि तेवढ्याने सहसा नसा बिघडत नाहीत. ती कॅप्सूल एकटीच घेणाऱ्याने माझ्यामुळे घाबरू नये.

माझी गोष्ट वेगळी झाली, कारण ती एकटी नव्हती. न्यू जर्सीहून वहिनींनी ‘बी-५०’ या बी-कॉम्प्लेक्स गोळ्यांची मोठी बाटली आणली होती. तिच्या एका गोळीत बी-६ चक्क ५० मिलिग्रॅम. रात्री पोटऱ्यांत गोळे येतात म्हणून मॅग्नेशियम घेत होतो, त्यात आणखी १०. कॅप्सूलचे ३ धरून रोजचे ६३ झाले. शरीराची गरज दोनेक मिलिग्रॅमची, आणि ती जेवणातून भागते. अमेरिकेत वरची मर्यादा १०० धरतात, म्हणजे तिथल्या हिशेबाने मी सुरक्षित होतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये ती १२ वर आणली. ऑस्ट्रेलियाचं औषध नियामक खातं तर सांगतं की ५०च्या खालीही काहींना त्रास झालेला आहे. कुणाला किती बाधेल हे आधी कळत नाही.

‘पाण्यात विरघळणारं जीवनसत्त्व, जास्त झालं तर लघवीतून जाईल’ हे मीही म्हणायचो. पण मणक्यालगतच्या ज्या गाठींमध्ये संवेदनेच्या नसांच्या पेशी असतात, त्यांना मेंदूसारखं संरक्षक कुंपण नसतं, आणि जादा पायरिडॉक्सिनचा मारा तिथेच बसतो. म्हणून ताकद सहसा शाबूत राहते आणि संवेदना जाते. आधी पायाची बोटं, मग हात. मला ते बेसिनपाशी कळलं. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जायचा. पाय कुठे आहेत हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय समजत नव्हतं.

मला निर्णय घ्यायला लावला तो या वैतागाने. मधुमेहाने पायाला मुंग्या येतात, बी-१२ कमी असल्याने येतात, आणि बी-६ जास्त झाल्यानेही येतात. मुंग्या वाढल्या तेव्हा मी काय केलं? ‘नसांचं औषध कमी पडतंय’ म्हणून कॅप्सूल दिवसातून दोनदा सुरू केली. बी-१२ वाढवायचं तर सोबतचं बी-६ वाढवावंच लागतं, आणि मग कोण बरं करतंय नि कोण बिघडवतंय ते सांगता येत नाही. नुसत्या मिथाइलकोबालामिनमध्ये ही भानगड नाही. मुंग्या वाढल्याच, तर निदान गोळीतल्या बी-६चा संशय वगळता येतो.

शेवटी न्यूरॉलॉजिस्टनी सगळ्या बाटल्या टेबलावर मांडायला लावल्या आणि रक्तातलं बी-६ तपासलं. (ही तपासणी गोळ्या बंद करण्याआधी केलेली बरी, नंतर आकडा उतरतो.) आकडा बराच वर होता. बी-५० आणि मिश्र कॅप्सूल बंद केल्यावर पहिले काही आठवडे त्रास उलट वाढला. असं होतं हे त्यांनी आधीच सांगितलं होतं म्हणून बरं, नाहीतर मी पुन्हा गोळ्यांकडे वळलो असतो. बेसिनपाशी सरळ उभं राहायला काही महिने लागले. डाव्या अंगठ्याची बधिरता अजून थोडी आहे. तिचा दोष साखरेलाही देता येईल, नाही म्हणत नाही.

लेबलवर ‘बी-६’ असं सरळ लिहिलेलं असेलच असं नाही. पायरिडॉक्सिन हायड्रोक्लोराइड, पायरिडॉक्सल फॉस्फेट, ‘पी-५-पी’ ही सगळी त्याचीच नावं. मॅग्नेशियम, जिममधलं झिंक-मॅग्नेशियम, केसांच्या गमीज, पाण्यात फसफसणारी मल्टिव्हिटॅमिन, एनर्जी ड्रिंक, यांत ते सापडतं. आणि दवाखान्यात अशक्तपणासाठी टोचतात ती लाल इंजेक्शनं: त्यांतल्या काहींत बी-१२बरोबर १०० मिलिग्रॅम पायरिडॉक्सिन असतं. दोन-चार टोचली तर ठीक, पण महिनोन्‌महिने घेणाऱ्याने कुपीवरचं वाचावं.

एक मात्र नीट लक्षात घ्या. क्षयाच्या आयसोनियाझिडबरोबर दिलेलं किंवा गरोदरपणातल्या उलट्यांसाठी डॉक्सिलामिनसोबतचं बी-६ आपल्या मनाने बंद करायचं नाही. तिथे ते मुद्दाम आणि मोजून दिलेलं असतं.

मी आता नुसतं मिथाइलकोबालामिन घेतो. मिश्र कॅप्सूल तुमच्या डॉक्टरांनी विचार करून दिली असेल तर घ्या, फक्त बाकीच्या बाटल्या त्यांना दाखवून. आणि केमिस्टला स्ट्रिप कापताना सांगा की घटक छापलेली बाजू तुम्हाला द्यावी. माझ्याकडे कित्येक महिने नुसता चकचकीत कागद यायचा.