डीएपीची म्हणून घेतलेली ती तीन पोती

मृग लागला होता आणि दोन एकर सोयाबीन पेरायचं होतं. माती परीक्षणावरून एकरी 30 किलो स्फुरदाचा हिशेब होता, म्हणून डीएपीची तीन पोती घ्यायला मी नागपूरला दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "भाऊ, डीएपीची गाडी चार दिवस येत नाही. हे घेऊन जा, जैविक डीएपी आहे. काम तेच करते, अन् पोत्यामागं साडेतीनशे वाचते."

डीएपीचं 50 किलोचं पोतं 1,350 रुपयांचं, हे 1,000 चं. पोत्यावर 'डीएपी' ही अक्षरं हातभर आणि वरच्या कोपऱ्यात बारीक 'जैविक'. डीएपी घेताना आधार आणि मशीनवर अंगठा लागतो, इथे दोन्हीही मागितलं नाही. तिथेच खटकायला हवं होतं, पण पेरणीची घाई होती.

तिन्ही पोती पेरून झाल्यावर आमच्या गावच्या कृषी सहायक मॅडमनी बांधावर पडलेलं रिकामं पोतं उलटं केलं. मागे लिहिलं होतं: एकूण फॉस्फेट 10.4 टक्के. "दादा, हे डीएपी नाही. हे प्रॉम आहे, रॉक फॉस्फेट आणि सेंद्रिय खत मिसळून केलेलं," त्या म्हणाल्या आणि तिथेच बसून हिशेब मांडला. तोच इथे देतो, कारण दुकानात उभं राहून तो पाच मिनिटांत होतो.

आधी पोत्यात अन्नद्रव्य किती किलो आहे ते काढायचं. 50 किलोचे 10.4 टक्के म्हणजे 5.2 किलो स्फुरद. 1,000 रुपयांना 5.2 किलो, म्हणजे किलोला 192 रुपये.

डीएपीचा हिशेब थोडा लांब आहे, कारण त्यात दोन अन्नद्रव्यं असतात: 46 टक्के स्फुरद आणि 18 टक्के नत्र. पोत्यात 23 किलो स्फुरद आणि 9 किलो नत्र. सगळे पैसे स्फुरदावर टाकले तर तुलना चुकते, म्हणून नत्राची किंमत युरियावरून काढून वजा करायची. युरियाचं 45 किलोचं पोतं 266 रुपये 50 पैशांना, त्यात 46 टक्क्यांप्रमाणे 20.7 किलो नत्र; किलोला जवळपास 13 रुपये पडतात. 9 किलोचे 117 रुपये 1,350 मधून वजा केले की 1,233 उरतात. त्यांना 23 ने भागलं की स्फुरद किलोला साधारण 54 रुपये.

54 चा माल मी 192 ने घेतला. मला 60 किलो स्फुरद हवं होतं आणि तीन पोत्यांत मिळून जेमतेम साडेपंधरा किलो गेलं. साठ किलो भरायला अशी बारा पोती लागली असती.

मॅडमनी त्यापुढची गोष्ट सांगितली ती या आकड्यांतही दिसत नाही. पोत्यावरचा आकडा 'एकूण' फॉस्फेटचा आहे. डीएपीतलं बहुतेक स्फुरद पाण्यात विरघळतं, रॉक फॉस्फेटमधलं विरघळायला आम्लधर्मी माती लागते. आपली काळी माती अल्कधर्मी, त्यामुळे त्या साडेपंधरा किलोतलंही या हंगामात पिकाला थोडंच लागू होतं. सेंद्रिय भागाचा फायदा म्हणाल तर एकरी दीड पोत्यात तो ट्रॉलीभर शेणखताच्या जवळपासही जात नाही.

मी तक्रार करायला निघालो तेव्हा कळलं की हातात काही नाही. पोत्यावर लिहिलेलं 10.4 टक्के आत असेलही. खोटं होतं ते दुकानदाराचं बोलणं. बिलावर त्याने 'जैविक खत' लिहिलं होतं. नमुना बंद पोत्यातून घ्यावा लागतो आणि माझी तिन्ही फोडलेली.

घरी झाडून काढलेले दहा-बारा दाणे होते. तळहातावर खायचा चुना लावून ते चोळले, कसलाच वास आला नाही. नंतर शेजारच्याकडचे खऱ्या डीएपीचे दाणे तसेच चोळले तर अमोनियाचा वास थेट नाकात गेला. मला ही खूण अगोदर माहीत असती तर पैसे देण्याआधी दुकानदाराला एक पोतं माझ्यासमोर फोडायला लावलं असतं.

पुढच्या पेरणीला डीएपी पुन्हा मिळेना, तेव्हा सिंगल सुपर फॉस्फेटचा भाव विचारला. पोतं 500 ला, 16 टक्के स्फुरद म्हणजे 8 किलो, किलोला साडेबासष्ट. तेवढंच स्फुरद डीएपीतून घेण्यापेक्षा पोत्यामागे सत्तरेक रुपये जास्त पडतात, पण त्यात 11 टक्के गंधकही असतं, पोत्याला साडेपाच किलो, आणि ते सोयाबीनला लागतं. नत्रासाठी युरिया वेगळा घेतला. या वेळी बिलावर खताचं पूर्ण नाव आणि टक्केवारी लिहून घेतली, मगच खिशात हात घातला, आणि उगवण होईपर्यंत एक पोतं शिवलेलंच ठेवलं.