चारशेचं कार्ड दोनशेला: मोनोपोलीतला नारिंगी सौदा

मोनोपोलीच्या पटावर सगळ्यात सफाईने होणारी फसवणूक एकही नियम न मोडता होते. समोरचा म्हणतो, ‘बोर्डवॉक देतो, वर शंभर डॉलर देतो, तू फक्त न्यूयॉर्क अॅव्हेन्यू दे.’ कार्डावरच्या किमती बघितल्या तर चारशेची जागा आणि रोख शंभर, तेही दोनशेच्या जागेच्या बदल्यात. शिवाय पार्क प्लेस तुमच्याकडे आधीच आहे, म्हणजे गडद निळा संच पूर्ण होतो. नाही म्हणायला कारणच दिसत नाही, आणि पुढच्या दोन-चार फेऱ्यांत खेळ हातातून जातो.

हा सौदा मूळ अमेरिकन पटावर, अटलांटिक सिटीच्या रस्त्यांच्या नावांनी मांडून बघू. आपल्याकडच्या ‘व्यापार’मध्ये चौकोन आणि भाडी वेगळी असतात. तिथे हे आकडे जसेच्या तसे लावू नका, हिशोबाची पद्धत तेवढी घ्या.

तुमच्याकडे पार्क प्लेस, न्यूयॉर्क अॅव्हेन्यू आणि रोख 700. समोरच्याकडे बोर्डवॉक, सेंट जेम्स प्लेस, टेनेसी अॅव्हेन्यू आणि रोख 1100. न्यूयॉर्क मिळालं की त्याचा नारिंगी संच पूर्ण होतो. तुमची सोंगटी जेलमध्ये आहे. ही शेवटची गोष्ट योगायोगाची नाही. मुरलेला खेळाडू हा सौदा काढण्यासाठी नेमकी हीच वेळ धरतो. ती का, ते पुढे येईलच.

पहिली मेख कार्डाच्या पाठीला असते. बोर्डवॉक गहाण पडलेलं असतं. कार्ड उलटं ठेवलेलं असूनही बोलण्याच्या ओघात तिकडे लक्ष जात नाही. गहाण जागा हातात येताच बँकेला दहा टक्के, म्हणजे 20 डॉलर भरावेच लागतात. तेव्हाच सोडवली तर गहाणाचे 200 मिळून 220 जातात. नंतर सोडवायची म्हटलं तर दहा टक्के पुन्हा भरायचे, म्हणजे एकूण 240. आणि संचातली एक जागा जरी गहाण असली तरी त्या संचात एकही घर बांधता येत नाही. म्हणजे वरचे शंभर मिळाले असं तुम्हाला वाटतं, प्रत्यक्षात 120 खिशातून गेलेले असतात.

दुसरी मेख बांधकामाची. सौद्यानंतर तुमच्याकडे 580 उरतात. गडद निळ्यावर एका घराला 200 पडतात, म्हणून दोनच घरं होतात, दोन्ही जागांवर एकेक. भाडं बोर्डवॉकवर 200, पार्क प्लेसवर 175. हातात 180. समोरच्याकडे 1000 उरले. नारिंगी घर 100 चं. तो नऊ घरं घेतो, तिन्ही जागांवर तीन-तीन, तरी शंभर शिल्लक. भाडं सेंट जेम्स आणि टेनेसीवर 550, न्यूयॉर्कवर 600. घरं दोन पाळ्यांच्या मधेही विकत घेता येतात, त्यामुळे तुमचे फासे पडायच्या आत त्याचं बांधकाम उभं असतं. या खेळात भाड्याची मोठी उडी तिसऱ्या घराला असते. टेनेसीवर दोन घरांचं भाडं 200 आहे आणि तिसऱ्याला एकदम 550 होतं. तो त्या पायरीवर पोचला, तुम्ही पहिल्याच पायरीवर राहिलात.

आता सोंगट्या कुठे थांबतात ते पाहा. पटावर सगळ्यात जास्त वेळ सोंगट्या जेलमध्ये असतात, कारण ‘गो टू जेल’चा चौकोन आहे, दोन्ही गठ्ठ्यांत जेलची पत्ती आहे आणि लागोपाठ तीन जोड्या पडल्या तरी जेलच. जेलमधून निघालं की नारिंगी जागा सहा, आठ आणि नऊ चौकोनांवर येतात. दोन फाशांच्या 36 शक्यतांपैकी सहा पाच प्रकारे पडतात, आठही पाच प्रकारे, नऊ चार प्रकारे. छत्तीसात चौदा, म्हणजे सुमारे 39 टक्के. गडद निळ्याचं नेमकं उलट होतं. तिथे पोचायच्या आधी ‘गो टू जेल’ बऱ्याच सोंगट्या उचलून मागे नेतो, आणि संचात जागाही दोनच. लांब पल्ल्याचा हिशोब केला तर कोणतीही एक फेक संपताना सोंगटी नारिंगीवर असण्याची शक्यता सुमारे 8.8 टक्के येते, गडद निळ्यावर सुमारे 4.8. त्यातही बोर्डवॉकला ‘चान्स’च्या एका पत्तीचा आधार आहे, पार्क प्लेसला तोही नाही.

भाडं आणि शक्यता यांचा गुणाकार केला की फसवणूक उघडी पडते. दुसऱ्या खेळाडूच्या प्रत्येक फेकीमागे समोरच्याच्या नऊ घरांतून सरासरी 50 डॉलर येतात. तुमच्या दोन घरांतून 9.

म्हणून गडद निळा संचच वाईट, असं मात्र समजू नका. तसं सांगणारे अर्धवट हिशोब करतात. दोन्ही जागांवर तीन-तीन घरं झाली तर हा संच फेकीमागे सुमारे 61 देतो, नऊ नारिंगी घरांपेक्षा जास्तच. अडचण एवढीच की त्या सहा घरांना 1200 लागतात, आणि सौद्यात नेमकं तेवढं तुमच्याकडे उरू दिलेलं नसतं. किमतीची तुलना करण्याऐवजी एकच प्रश्न विचारायचा: सौदा झाल्यावर कोण किती घरं बांधेल?

तेवढं कळलं की उलट मागणीही सुचते. ‘बोर्डवॉक सोडवून दे आणि वर पाचशे दे.’ आता त्याचे 1100 मधून 220 आणि 500 गेले, उरले 380. तीन घरं, तिन्हींवर एकेक, भाडं 70, 70 आणि 80. फेकीमागे साडेसहा. तुमच्याकडे 1200. बोर्डवॉकवर तीन आणि पार्क प्लेसवर दोन घरं बांधून 200 राखता येतात. फेकीमागे सुमारे 48. कार्डांची अदलाबदल तीच, फक्त चारशे डॉलर इकडचे तिकडे आणि गहाणाचा खर्च त्याच्या माथी. तो हे मान्य करणार नाही, हे उघड आहे. मधे कुठेतरी तुटेल. प्रत्येक शंभरामागे त्याचं एक नारिंगी घर कमी होतं हे धरून घासाघीस करा, आणि त्याचं तिसरं घर कुठेच होणार नाही इतपत रक्कम निघत नसेल तर न्यूयॉर्क हातातच ठेवा. तिसऱ्या खेळाडूला नारिंगी संच अडलेलाच बरा असतो, त्यामुळे तोही कुरकुरणार नाही.

‘एकदा माझ्या जागेवर आलास तर भाडं माफ’ अशी गाजरंही या सौद्याला लावतात. नियमपुस्तिकेतल्या देवाणघेवाणीत अशा माफीचा उल्लेख नाही. ऐनवेळी समोरच्याने हात वर केले तर कुणाकडे जाणार?

आणि सौदा होऊन गेलाच असेल तर? पन्नास भरून जेलमधून बाहेर पडायची घाई करू नका. भरलेत तर हातात 130 राहतात आणि पहिल्याच फेकीला 39 टक्के धोका. सेंट जेम्सवर पडलात की 550 द्यायचे. दोन्ही घरं अर्ध्या किमतीत परत करून 200, पार्क प्लेस गहाण टाकून 175, बोर्डवॉक पुन्हा गहाण टाकून 200. भाडं भागतं, 155 उरतात आणि संच मोडीत. न भरता बसलात तर जोडी पडली तरच हलायचं, आणि थेट नारिंगीवर नेणाऱ्या जोड्या दोनच, तीन-तीन आणि चार-चार. छत्तीसात दोन. तिसऱ्या पाळीला मात्र जोडी नाही पडली तरी पन्नास भरून तितके चौकोन चालावंच लागतं, तेव्हा धोका पुन्हा चौदावर जातो. तोवर दोन पाळ्या मिळतात. जेलमध्ये बसूनही भाडं घेता येतं आणि घरंही बांधता येतात, म्हणजे तेवढ्यात कुणी बोर्डवॉकवर आलं तर पुढच्या एका घराचे पैसे सुटतात.